प्रत्येक शाखेला फक्त तिच्याच ओळी : थकबाकीच्या सामाईक वर्कबुकची फेरमांडणी

दक्षिण महाराष्ट्रातील एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी अहवालांचे काम पाहते. संस्थेच्या १४ शाखा आहेत, आणि थकीत कर्जांचा रोजचा अहवाल गूगल शीट्समधल्या एकाच वर्कबुकमध्ये ठेवण्याची पद्धत बरीच वर्षे चालत आलेली होती. कोअर बँकिंग प्रणालीतून रात्री निघालेली यादी `Master` नावाच्या शीटमध्ये भरली जाई आणि प्रत्येक शाखाव्यवस्थापक ते वर्कबुक उघडून, आपल्या शाखेचा क्रमांक गाळून, कर्जदाराच्या नावासमोर वसुलीचा शेरा लिहीत असे. सोय मोठी होती, कारण सगळ्यांची माहिती एका जागी होती. अडचणही नेमकी तीच होती. कर्जदाराचा मोबाइल क्रमांक, जामीनदारांची नावे, थकीत दिवस आणि ‘घरी भेट दिली, मुलाच्या आजारपणामुळे हप्ता थांबला आहे’ असा एखाद्या कुटुंबाचा खासगी तपशील हे सगळे चौदाही शाखांच्या व्यवस्थापकांना दिसत होते, ज्यांचा त्या कर्जाशी काहीही संबंध नव्हता त्यांनाही.

संचालक मंडळाने ठराव केला की प्रत्येक शाखाव्यवस्थापकाला फक्त स्वतःच्या शाखेच्या ओळी दिसाव्यात, विभागीय अधिकाऱ्याला त्याच्या विभागातील शाखांच्या आणि मुख्य कार्यालयातील वसुली विभागाला सर्व. ठराव एका ओळीचा होता. तो अमलात आणताना जे उलगडत गेले ते सविस्तर लिहीत आहे, कारण बहुतेक संस्थांमध्ये हे काम ‘फिल्टर लावून द्या’ इथेच संपले असे समजले जाते आणि तिथे ते सुरूही झालेले नसते.

पहिली सूचना आली ती फिल्टर व्ह्यूची. गूगल शीट्समध्ये प्रत्येकाच्या नावाने वेगळा फिल्टर व्ह्यू करून ठेवता येतो, त्याची स्वतंत्र लिंक निघते आणि ती लिंक उघडली की फक्त ठरावीक शाखेच्या ओळी समोर येतात. पाहणाऱ्याला वाटते की आपल्याला एवढेच दिले आहे. प्रत्यक्षात फिल्टर व्ह्यू ही केवळ पाहण्याची सोय आहे. त्याच पट्टीवरच्या बटणाने व्ह्यू बंद केला की पूर्ण यादी उघडी होते. शीट लपवून ठेवण्याचीही हीच गत आहे. संपादनाचा हक्क असलेल्या माणसाला लपवलेली शीट मेनूतून परत दाखवता येते आणि ज्याला केवळ वाचण्याचा हक्क आहे तोही, कॉपी करण्यावर बंदी घातलेली नसेल तर, फाइलची प्रत काढून त्या प्रतीत ती उघडू शकतो. संरक्षित रेंज लावली तर मजकूर बदलता येत नाही, पण वाचता मात्र येतो.

एक्सेलमध्येही वेगळे काही नाही, आणि त्याचे एक उदाहरण आमच्या वसुली विभागातल्या सहकाऱ्यांना संगणकावर दाखवल्यावरच सर्वांचे एकमत झाले. मुख्य यादीवरून एक पिव्होट टेबल केले, त्यात एकच शाखा निवडली, मूळ यादीची शीट पूर्णपणे काढून टाकली आणि फाइल जतन केली. आता या फाइलमध्ये एकाच शाखेची बेरीज आहे असे कोणीही म्हणेल. मग पिव्होटमधला शाखेचा फिल्टर बदलून ‘सर्व’ केला आणि एकूण बेरजेच्या आकड्यावर दोनदा क्लिक केले. नवी शीट उघडली आणि तिच्यात चौदाही शाखांची प्रत्येक ओळ, मोबाइल क्रमांकासह, हजर होती. एक्सेल पिव्होटसोबत मूळ माहितीची एक साठवण फाइलमध्येच ठेवते आणि शीट काढली तरी ती साठवण राहते. ती न ठेवण्याचा पर्याय पिव्होटच्या गुणधर्मांत आहे, पण तो मुद्दाम बदलावा लागतो. वर्षानुवर्षे मेलने जाणाऱ्या अहवालांत अशा किती साठवणी गेल्या असतील, हा विचार त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात आला असणार.

यावरून कामाचे सूत्र ठरले. वर्कबुक ज्याला उघडता येते त्याच्या हातात त्या वर्कबुकमधले सगळे असते, मग ते दिसत असो वा नसो. त्यामुळे परक्या शाखेची ओळ व्यवस्थापकाच्या फाइलपर्यंत पोहोचताच कामा नये. गाळणी फाइलच्या आत नको, फाइलच्या अलीकडे हवी. म्हणजे मुख्य वर्कबुक केवळ मुख्य कार्यालयाकडे राहील, प्रत्येक शाखेसाठी स्वतंत्र फाइल असेल आणि तिच्यात त्या शाखेच्याच ओळी येतील.

या ओळी आणायच्या कशा, हा पुढचा प्रश्न होता. सर्वांना आधी सुचतो तो मार्ग `IMPORTRANGE` चा. शाखेच्या फाइलमध्ये पुढीलप्रमाणे एक सूत्र लिहिले की काम झाले असे वाटते.

```
=QUERY(IMPORTRANGE("FILE_URL","Master!A2:H"),
       "select * where Col1='07'", 0)
```

हे सूत्र शाखा ०७ च्या ओळी बरोबर आणते. परंतु `IMPORTRANGE` ला परवानगी द्यावी लागते ती एका फाइलने दुसऱ्या पूर्ण फाइलला. एकदा ‘Allow access’ दाबले की त्या शाखेच्या फाइलमध्ये संपादनाचा हक्क असलेली कोणतीही व्यक्ती मुख्य वर्कबुकमधल्या कोणत्याही भागातून माहिती ओढू शकते. सूत्राचा सेल संरक्षित केला तरी उपयोग होत नाही, कारण नवी शीट जोडून तेच सूत्र `where` च्या अटीशिवाय लिहिता येते. आमच्या व्यवस्थापकांना शेरा लिहायचा असल्यामुळे संपादनाचा हक्क देणे भाग होते. शिवाय ही परवानगी ज्याने दिली त्या माणसाचा मूळ फाइलवरचा हक्क काढेपर्यंत ती चालूच राहते. मुख्य कार्यालयात मध्यस्थ म्हणून प्रत्येक शाखेची एक वेगळी फाइल ठेवून तिच्यावरून `IMPORTRANGE` केले तर ही गळती बंद होते आणि जिथे शाखेला केवळ वाचायचे आहे तिथे तो मार्ग चांगला आहे. आमच्याकडे मात्र तो दुसऱ्या एका कारणाने अडला, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत नाजूक भाग तोच होता.

ते कारण म्हणजे शेऱ्याचा स्तंभ. चाचणीच्या फाइलमध्ये A ते H हे आठ स्तंभ सूत्राने येत होते आणि I स्तंभात व्यवस्थापक हाताने शेरा लिहीत होते. अठराव्या ओळीत एका कर्जदाराचे खाते होते आणि त्यासमोर ‘जामीनदारांची भेट घेतली, कलम १०१ च्या दाखल्याचा प्रस्ताव पुढील महिन्यात’ असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी वरच्या एका कर्जदाराने पूर्ण थकबाकी भरली, त्याची ओळ यादीतून गेली आणि खालच्या सगळ्या ओळी एकेक घर वर सरकल्या. शेरे मात्र जागीच राहिले. त्यामुळे हा शेरा आता अठराव्या ओळीत नव्याने आलेल्या, फक्त एक हप्ता थकलेल्या सभासदाच्या नावासमोर दिसू लागला. सूत्राने आलेली यादी आणि तिच्या शेजारी हाताने लिहिलेला मजकूर यांना बांधून ठेवणारे काहीही शीटमध्ये नसते. त्यांचे शेजारपण केवळ ओळीच्या क्रमांकाचे असते. परक्या शाखेला नाव दिसण्यापेक्षाही चुकीच्या माणसावर कारवाईचा शेरा लागणे अधिक गंभीर आहे, कारण त्या शेऱ्यावरून नोटीस निघू शकते.

म्हणून सूत्र सोडून दिले आणि ॲप्स स्क्रिप्टने ओळी शाखेच्या फाइलमध्ये मूल्यांच्या स्वरूपात लिहायच्या असे ठरवले. स्क्रिप्ट मुख्य वर्कबुकमध्ये राहते, मुख्य कार्यालयाच्या खात्याने चालते आणि शाखेच्या फाइलला मुख्य वर्कबुकचा पत्ताही ठाऊक नसतो. शाखेकडे पोहोचतात त्या नुसत्या ओळी, त्यांच्या मागे कोणतेही जिवंत नाते नसते.

कोणत्या फाइलमध्ये कोणत्या शाखेच्या ओळी जातील हे स्क्रिप्टमध्ये लिहिले नाही. त्यासाठी मुख्य वर्कबुकमध्ये `Adhikar` नावाची दोन स्तंभांची साधी शीट केली. एका फाइलसाठी जितक्या शाखा तितक्या ओळी.

```
file      branch
BR-07     07
BR-11     11
AREA-2    07
AREA-2    11
```

यात विभागीय अधिकाऱ्यासाठी वेगळा नियम करावा लागत नाही. त्याची फाइल ही इतरांसारखीच एक फाइल असून तिच्या वाट्याला एकापेक्षा अधिक शाखा आहेत, एवढाच फरक. एखादी शाखा एका विभागातून दुसऱ्या विभागात गेली तर या शीटमधली एक ओळ बदलते आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत तो बदल दिसतो. ज्या शाखेचे नाव या शीटमध्ये नाही तिच्या ओळी कोणालाच जात नाहीत. हा शेवटचा नियम मी आग्रहाने ठेवला. ‘कुठेच जुळले नाही तर सर्वांना दाखवा’ आणि ‘कुठेच जुळले नाही तर कोणालाच दाखवू नका’ यांतला दुसरा पर्याय निवडल्यास चूक झाली तरी व्यवस्थापकाचा फोन येतो. पहिला निवडल्यास कोणाचाच फोन येत नाही.

जुळणीत पहिली अडचण आली ती शाखा क्रमांकाच्या लेखनाची. कोअर बँकिंगच्या यादीत क्रमांक ‘०७’ असा मजकूर म्हणून येतो, पण सीएसव्ही फाइल शीटमध्ये घेताना त्याचा ७ हा अंक होतो आणि काही ओळींत मागे मोकळी जागा राहते. नजरेला हे तिन्ही सारखेच वाटतात, तुलनेत मात्र तिन्ही वेगळे ठरतात. त्यामुळे तुलना करण्याआधी क्रमांकाला एकच रूप देणे आवश्यक होते.

```
function branchRows(all, codes) {
  return all.filter(r =>
    codes.includes(String(r[0]).trim().padStart(2, '0')));
}
```

हीच अडचण खाते क्रमांकाच्या बाबतीत अधिक घातक होती, कारण शेरा आणि कर्जदार यांना बांधणारा धागा खाते क्रमांकच होता. आमचे खाते क्रमांक शाखा क्रमांकाने सुरू होतात, म्हणजे पहिल्या नऊ शाखांच्या खात्यांना पुढे शून्य असते. स्क्रिप्टने ‘0700412’ हा मजकूर सेलमध्ये लिहिला तरी शीट त्याला संख्या समजते आणि ७००४१२ करून ठेवते. मग रात्री शेरे परत गोळा करताना ते खाते सापडत नाही आणि शेरा हरवतो. उपाय दोन ठिकाणी करावा लागला. सीएसव्ही आयात करताना ‘Convert text to numbers, dates, and formulas’ या पर्यायाची खूण काढली आणि रकमांचे संख्येत रूपांतर स्क्रिप्टमध्ये केले. शाखेच्या फाइलमध्ये लिहिण्याआधी पहिल्या दोन स्तंभांना साध्या मजकुराचे स्वरूप दिले.

```
sh.getRange(2, 1, n, 2).setNumberFormat('@');
sh.getRange(2, 1, n, rows[0].length).setValues(rows);
```

इथे `n` शून्य असेल, म्हणजे त्या शाखेत एकही थकीत खाते नसेल, तर स्क्रिप्ट त्रुटी देऊन थांबते आणि तिच्या पुढच्या सर्व शाखा राहून जातात. एका छोट्या शाखेने मार्चअखेर आपली यादी कोरी केली तर तिच्या चांगल्या कामामुळे इतरांना अहवाल मिळू नये, हे बरे नव्हे. म्हणून शून्य ओळींची वाट वेगळी केली आणि प्रत्येक शाखेचे काम स्वतंत्र `try` मध्ये ठेवले.

पहाटेच्या कामाचा क्रम असा ठरला. स्क्रिप्ट आधी प्रत्येक शाखेच्या फाइलमधून खाते क्रमांक आणि त्यासमोरचा शेरा वाचते. कालच्यापेक्षा वेगळा असलेला प्रत्येक शेरा मुख्य वर्कबुकमधल्या `SheraNond` शीटच्या तळाशी तारीख, शाखा आणि खाते क्रमांकासह नव्या ओळीत जोडते. जुना शेरा कधीच पुसला जात नाही. त्यानंतर शाखेची यादी साफ करून नवी यादी लिहिते आणि प्रत्येक खात्यासमोर त्याच्या क्रमांकावरून शोधलेला सर्वांत अलीकडचा शेरा ठेवते. ओळ कितीही वर-खाली झाली तरी शेरा आता खात्याबरोबर जातो. यादी साफ करण्याची पायरी गाळता येत नाही. कालच्या ६० ओळींवर आजच्या ५२ लिहिल्या तर शेवटच्या आठ ओळी कालच्याच राहतात आणि पैसे भरून मोकळे झालेले सभासद थकबाकीदारांत दिसत राहतात.

व्यवस्थापकांकडून एक गोष्ट घडू शकते हे आधीच ओळखून ठेवणे गरजेचे होते. A ते H हे स्तंभ संरक्षित असल्यामुळे पूर्ण यादीचा क्रम त्यांना बदलता येत नाही. पण I स्तंभ मोकळा आहे, आणि तेवढाच निवडून क्रम लावला तर सगळे शेरे आपापल्या खात्यांपासून सुटतात. स्क्रिप्टच्या दृष्टीने ते सगळे ‘नवे शेरे’ असतात आणि ती ते निमूटपणे नोंदवून घेईल. यावर मी असा अटकाव ठेवला की एखाद्या शाखेतील निम्म्याहून अधिक शेरे एका रात्रीत बदललेले दिसले तर त्या शाखेपुरते काम थांबते आणि आमच्या विभागाला मेल येतो. मग आम्ही फोन करून विचारतो. अशी खबर आली तेव्हा बहुधा खरोखरच वसुली मोहीम झालेली असते आणि शेरे मनापासून लिहिलेले असतात. तरीही हा अटकाव काढावासा मला वाटत नाही. ज्यांना रकमेनुसार किंवा थकीत दिवसांनुसार यादी पाहायची असते त्यांना आता फिल्टर व्ह्यू करून दिले आहेत. ज्या साधनाकडून सुरुवातीला गोपनीयतेची अपेक्षा केली जात होती ते आपल्या खऱ्या कामाला, म्हणजे आपल्याच ओळी हव्या त्या क्रमाने पाहण्याला, उत्तम उपयोगी पडते.

शाखांच्या फाइली तयार करताना एक मोह टाळावा लागतो. मुख्य वर्कबुकची प्रत काढून तिच्यातून इतर शाखांच्या ओळी काढून टाकणे सोपे वाटते, कारण मांडणी, रंग आणि स्तंभांची रुंदी आयती मिळते. पण ओळी काढल्या तरी त्या प्रतीच्या आवृत्ती-इतिहासात राहतात आणि संपादनाचा हक्क असलेला माणूस तो इतिहास उघडून काढण्यापूर्वीची स्थिती पाहू शकतो. म्हणून आम्ही प्रथम एक कोरा नमुना केला, ज्यात खरी माहिती कधीही भरली गेली नव्हती, आणि त्याच्या प्रती काढल्या. त्याचबरोबर प्रत्येक फाइलच्या शेअरिंगच्या सेटिंग्जमध्ये जाऊन संपादकांना पुढे हक्क वाटता येण्याची परवानगी काढली. ती मुळात चालू असते आणि ती तशीच राहिली तर एक व्यवस्थापक आपल्या शेजारच्या शाखेला सहज फाइल देऊ शकतो, अगदी चांगल्या हेतूनेसुद्धा.

हक्क माणसाला न देता पदाला दिला. प्रत्येक शाखेसाठी कार्यालयाच्या डोमेनवर एक ग्रुप केला आणि शाखेची फाइल फक्त त्या ग्रुपशी शेअर केली. व्यवस्थापकाची बदली झाली की प्रशासन विभाग त्याला एका ग्रुपमधून काढून दुसऱ्यात घालतो. फाइलला कोणी हात लावत नाही. बदलीच्या आदेशाच्या नमुन्यातच आता ‘ग्रुप बदल केला’ अशी एक रकाना-नोंद आहे, आणि माझ्या मते या रकान्याचे मोल स्क्रिप्टमधल्या कोणत्याही ओळीइतकेच आहे. स्क्रिप्टचा ट्रिगरही अशाच कार्यालयीन खात्यावर ठेवला, कारण ट्रिगर ज्याने लावला त्याच्या हक्काने तो चालतो आणि त्या व्यक्तीचे खाते बंद झाले की ट्रिगरही थांबतो.

सर्व तयार झाल्यावर चाचणी घेतली ती शाखेच्या खुर्चीत बसून. मुख्य कार्यालयाच्या खात्यातून ‘तिला काय दिसत असेल’ याचा अंदाज करण्यात अर्थ नसतो. त्यामुळे केवळ एका शाखेच्या ग्रुपमध्ये असलेले चाचणी-खाते केले आणि त्या खात्याने फाइल उघडून तिच्यातून बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटा चाचपल्या. प्रत काढून लपलेल्या शीट शोधल्या, आवृत्ती-इतिहास मागे नेला, ‘Extensions’ मधून स्क्रिप्ट उघडून पाहिली (शाखेच्या फाइलला स्क्रिप्ट जोडलेलीच नाही), ड्राइव्हमध्ये इतर शाखांच्या खाते क्रमांकांनी शोध घेतला. शेवटी मुख्य वर्कबुकची खरी लिंक घेऊन नव्या शीटमध्ये `IMPORTRANGE` लिहिले. सेलमध्ये `#REF!` आले आणि परवानगी मागण्याचे बटणही आले नाही, कारण त्या खात्याला मूळ फाइलच वाचता येत नव्हती.

ही चाचणी गळती नाही हे सांगते, पण सगळ्या ओळी पोहोचल्या का ते सांगत नाही. त्यासाठी रोज पहाटे स्क्रिप्ट एक ताळमेळ लिहिते. चौदा शाखांच्या फाइलींतील ओळींची संख्या आणि थकबाकीची बेरीज मुख्य यादीशी जुळली पाहिजे, आणि जुळली नाही तर उरलेल्या ओळी `Anath` नावाच्या शीटमध्ये दिसतात. पहिल्याच ताळमेळात फरक आला. उरलेल्या सर्व ओळींचा शाखा क्रमांक ०० होता. ती मुख्य कार्यालयाच्या खात्यावर टाकलेली कर्मचारी कर्जे निघाली. म्हणजे जुन्या वर्कबुकमध्ये आमच्याच सहकाऱ्यांची कर्जे चौदाही शाखांना दिसत होती आणि हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते, कारण आपली शाखा गाळून पाहणाऱ्याला ०० कधी भेटतच नव्हती. ‘जुळले नाही तर कोणालाच नाही’ या नियमामुळे त्या ओळी आपोआप मागे राहिल्या, आणि त्या मुख्य कार्यालयातच राहाव्यात असा निर्णय नंतर रीतसर झाला.

एक आक्षेप मात्र खरा होता आणि तो एका ज्येष्ठ शाखाव्यवस्थापकांनी मांडला. ते म्हणाले, “मॅडम, माझ्या शाखेतला सभासद दुसऱ्या शाखेच्या कर्जाला जामीन आहे. ते कर्ज थकले आहे हे मला कळलेच नाही, तर मी त्याला उद्या नवीन कर्ज मंजूर करून बसेन.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. जुन्या वर्कबुकमध्ये ते हे नाव शोधून पाहत असत आणि आम्ही ती वाट बंद केली होती. पूर्ण ओळ दाखवणे मंजूर नव्हते आणि काहीच न दाखवणे संस्थेच्या हिताचे नव्हते.

त्यावर विचार करताना लक्षात आले की व्यवस्थापकाला दुसऱ्या शाखेचा कर्जदार पाहायचाच नसतो. त्याला आपल्या सभासदावर जामिनापोटी किती भार आहे ते हवे असते. आमच्याकडे जामीनदारही सभासद असतो आणि त्याच्या सभासद क्रमांकावरून त्याची मूळ शाखा कळते. तेव्हा शाखेच्या फाइलमध्ये `Jamin` ही दुसरी शीट जोडली. तिच्यात आपल्या शाखेच्या जामीनदार सभासदाचा क्रमांक, थकीत कर्जाची शाखा, थकबाकीची रक्कम आणि थकीत दिवस एवढेच येते. कर्जदाराचे नाव, मोबाइल आणि शेरे येत नाहीत. अधिक माहिती हवी असल्यास व्यवस्थापक संबंधित शाखेला फोन करतो, आणि कोणी काय विचारले याची जाण दोन्ही बाजूंना राहते. ओळी कोणाच्या, हा प्रश्न केवळ शाखा क्रमांकाने सुटत नाही. एकाच ओळीत दोन शाखांचे न्याय्य हितसंबंध असू शकतात, आणि अशा वेळी दोघांना वेगवेगळे स्तंभ द्यावे लागतात.

असाच एक लहान प्रश्न खाते एका शाखेतून दुसरीकडे वर्ग झाल्यावर येतो. शाखा बदलली की नव्या शाखेच्या यादीत ते खाते येते आणि जुन्या शाखेतून जाते. पण वर्ग झालेल्या खात्याचा क्रमांक आमच्या प्रणालीत बदलतो, त्यामुळे जुने शेरे नव्या क्रमांकाला सापडत नाहीत. यासाठी जुना-नवा क्रमांक जोडणारी छोटी शीट वसुली विभाग हाताने भरतो. हे प्रमाण इतके थोडे आहे की त्यासाठी स्क्रिप्ट वाढवणे मला योग्य वाटले नाही.

या व्यवस्थेच्या मर्यादा व्यवस्थापकांना आणि संचालकांना लेखी कळवल्या आहेत. यादी दिवसातून एकदा, पहाटे बदलते. ट्रिगरला पाच वाजताची वेळ दिली तरी तो पाच ते सहाच्या दरम्यान केव्हाही चालतो, म्हणून सहानंतरच यादी पाहावी असे सांगितले आहे. एका वेळी स्क्रिप्ट सहा मिनिटांपेक्षा जास्त चालू शकत नाही. चौदा शाखा त्यात आरामात बसतात, कारण ओळी एकेक न लिहिता एकत्र लिहिल्या जातात. पण शाखा खूप वाढल्या तर त्यांची दोन गटांत विभागणी करावी लागेल. ज्याला आपल्या शाखेच्या फाइलवर संपादनाचा हक्क आहे तो ती डाउनलोड करू शकतो. म्हणजे बदली झालेल्या व्यवस्थापकाचा हक्क काढला तरी त्याने आधी उतरवून घेतलेली फाइल त्याच्याकडेच राहते. त्यावर तांत्रिक उपाय या साधनात नाही, म्हणून बदलीच्या वेळी लेखी हमीपत्र घेतले जाते.

जुने सामाईक वर्कबुक काढून टाकले नाही, कारण त्यातले शेरे न्यायालयीन प्रकरणांत लागतात. त्यावरचे सर्व शाखांचे हक्क काढले, ते वाचनापुरते करून वसुली विभागाच्या ड्राइव्हमध्ये ठेवले, आणि त्याच्या लिंकवर अजूनही कोणी व्यवस्थापक गेला तर परवानगी मागणारा मेल आमच्याकडे येतो. सुरुवातीला असे मेल रोज येत. त्यांना परवानगी न देता आम्ही त्या त्या शाखेच्या नव्या फाइलची लिंक उत्तरात पाठवतो.